फुगलेला टॅब: देवगडच्या पडवीतलं एक प्रकरण

दहा इंची अँड्रॉइड टॅब, बॅटरी ७००० एमएएचची, वय दोन वर्षांच्या थोडं आत. वापरणारी बारावीतली मुलगी, नीटचे ऑनलाइन क्लास. घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तक्रार अशी की स्क्रीन एका बाजूने उचकटली आहे आणि फटीतून उजेड दिसतो. मागणी एवढीच की ती चिकटवून द्यावी.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान जामसंड्यात आहे. मुलीचे वडील ओळखीचे. "पावसाळ्यात गोंद सुटलो असतलो," असं निदान त्यांनी घरूनच करून आणलं होतं, आणि टॅबला दोन रबरबँड लावले होते. रबरबँड काढून मी टॅब काउंटरच्या काचेवर उताणा ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. टॅब डोलला. निदान तिथेच झालं. गोंद आपणहून सुटला तर स्क्रीनला फट पडते, पण मागची पाठ सपाटच राहते. पाठीला पोट आलं असेल तर आतून काहीतरी ढकलतंय, आणि टॅबच्या आत ढकलू शकेल अशी वस्तू एकच असते.

"वायच चालू करून बघ मरे," ते म्हणाले. मी चालू केला नाही. दाबूनही पाहिला नाही. रबरबँडची कल्पना दिसते साधी, पण या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत धोक्याची होती. फुगलेल्या बॅटरीत सकारात्मक आणि नकारात्मक पट्ट्यांच्या मधे प्लॅस्टिकचा अगदी पातळ पडदा असतो. बाहेरून दाब दिला की तो पडदा एखाद्या कडेला ताणला जातो, आणि फाटला तर दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात. नशिबाने त्यांनी दोन दिवस चार्जर लावला नव्हता. बॅटरीत चार्ज जितका कमी, तितकी बिघाड झाल्यावर बाहेर पडणारी ऊर्जा कमी. टॅब मी दुकानाच्या मागच्या बाजूला, जांभ्याच्या कट्ट्यावर सावलीत ठेवला आणि मुलीला फोन करून विचारायला बसलो.

आधी काय काय दिसलं होतं

तिने सांगितलेला क्रम मी लिहून घेतला, कारण इतर गिऱ्हाइकांकडूनही मला साधारण हाच क्रम ऐकायला मिळतो. सगळ्यांत आधी कव्हर नीट बंद होईना. रेक्झिनच्या कव्हरला लोहचुंबक असतं, ते चिकटायचं बंद झालं. घरात सगळ्यांना वाटलं कव्हर जुनं झालं. त्यानंतर टेबलावर लिहिताना टॅब हलायला लागला, म्हणून तिने खाली घडी घातलेला कागद सरकवला. मग स्क्रीनच्या खालच्या भागात, पांढरं पान उघडलं की, बशीएवढा फिकट डाग दिसू लागला. मागून बॅटरी डिस्प्लेला टेकली की तिथे बॅकलाइटचे थर दाबले जातात आणि असा डाग पडतो. तोवर फट पडलेली नव्हती. म्हणजे डाग दिसला त्या दिवशी टॅब आला असता तर डिस्प्ले वाचवणं सोपं गेलं असतं. शेवटी कडेचा गोंद सुटला आणि उजेडाची रेघ दिसली, तेव्हा कुठे तो दुकानात आला.

या सगळ्या काळात टॅब अगदी व्यवस्थित चालत होता. क्लास अडकत नव्हता, बॅटरीचा आकडा कायम शंभरवर, सेटिंगमध्ये कसलीही सूचना नाही. त्यामुळे कुणाला बॅटरीचा संशय येण्याचं कारणच नव्हतं.

आता वापर कसा होता ते. सकाळी आठ ते अकरा क्लास, दुपारी रेकॉर्ड केलेली लेक्चरं, संध्याकाळी चार ते सात पुन्हा क्लास, रात्री प्रश्नसंच. मोबाइलची रेंज घरात फक्त पडवीच्या पश्चिमेकडच्या खिडकीत येते, म्हणून टेबल तिथेच. पडवीवर सिमेंटचा पत्रा. टॅबमध्येच सिमकार्ड. चार्जरची वायर एक्स्टेंशन बोर्डावरून टेबलापर्यंत ओढलेली आणि पिन सकाळपासून झोपेपर्यंत टॅबला लावलेली. लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा टॅब कायम शंभर टक्के भरलेला असावा, हा त्यामागचा हिशेब. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ ज्यांनी किनाऱ्यावर राहून पाहिलं, त्यांना हा हिशेब वेडेपणाचा वाटणार नाही. सवय लागली ती तेव्हापासून आणि मोडली कधीच नाही.

आत काय निघालं

स्क्रीन काढताना आम्ही एरवी कडांना गरम हवा देतो, गोंद मऊ होतो आणि पाच मिनिटांत काम होतं. फुगलेल्या बॅटरीजवळ गरम हवा न्यायची नाही. इथे फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडत, प्लॅस्टिकची पातळ पट्टी फिरवत, स्क्रीन सावकाश सोडवली. लोखंडी पाती वापरली नाही. बाजूला कोरड्या वाळूची बादली होती. वाळू नदीची असावी. पुळणीवरची खारी, ओलसर वाळू आणली तर तिच्यातून वीज वाहते आणि फायदा राहत नाही.

आत बॅटरीच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी होत्या. टॅबच्या बॅटरीला कडक डबी नसते. ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या प्लॅस्टिकच्या चपट्या पाकिटात सगळा मालमसाला बंद केलेला असतो. या दोन्ही पिशव्या समांतर जोडलेल्या होत्या, म्हणजे दोघींची मिळून एक बॅटरी. जाडी नवी असताना साधारण साडेतीन मिलिमीटर असावी. व्हर्निअरचे दात न दाबता, नुसते आजूबाजूला धरून पाहिलं तेव्हा एक पिशवी मध्यभागी साडेपाच मिलिमीटर भरली आणि दुसरी नऊच्या वर.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची गोष्ट हा फरक आहे. दोन्ही पिशव्या एकाच वेळी, एकाच कारखान्यात बनलेल्या. समांतर जोडलेल्या असल्यामुळे दोघींवर दोन वर्षं रोज, प्रत्येक क्षणी, सारखाच व्होल्टेज. चार्जर एक, लाइट एक, क्लास एक. फरक फक्त जागेचा होता. जास्त फुगलेली पिशवी मदरबोर्डला चिकटून होती, जिथे प्रोसेसर, चार्जिंगची चिप आणि सिमकार्डचा मोडेम बसतात. कमी फुगलेली लांबच्या बाजूला. एकीच्या शिवणीत मुळातच दोष असण्याची शक्यता मी नाकारत नाही, एका टॅबवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण कडा शाबूत होत्या आणि गळती नव्हती. इलेक्ट्रोलाइट गळला की नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतो, तोही नव्हता. उष्णतेवर बोट ठेवायला मला एवढं पुरेसं वाटलं.

चार्जर निर्दोष सुटतो

घरच्यांचा संशय चार्जरवर होता. मूळ चार्जर वर्षभरात बिघडला होता आणि देवगडच्या बाजारातून घेतलेला साधा चार्जर चालू होता. "गावठी चार्जरानच वाट लावली," हे वाक्य मी दुकानात इतकं ऐकतो की चार्जर तपासल्याशिवाय पुढे जात नाही. यूएसबी मीटर लावून २ अँपिअरच्या भारावर मोजला तर व्होल्टेज ५ च्या जवळपास स्थिर होता. चार्जर अगदी वाईट असता तरी बॅटरी किती व्होल्टवर भरायची हे तो ठरवत नाही. ते टॅबमधली चार्जिंग चिप ठरवते. चार्जर फक्त तिला ५ व्होल्टचा पुरवठा करतो. हलका चार्जर शॉक देऊ शकतो, जळू शकतो, टच वेडावाकडा चालवू शकतो. बॅटरी फुगवण्याचं काम मात्र सहसा त्याचं नसतं.

दुसरा समज असा की दिवसभर पिन लावली तर बॅटरी 'ओव्हरचार्ज' होते. तेही इथे लागू नाही. बॅटरी भरली की चिप प्रवाह तोडते आणि टॅब थेट चार्जरवर चालू लागतो. बॅटरी थोडी उतरली की पुन्हा टोक गाठेपर्यंत भरली जाते. शिवाय बॅटरीच्या पट्टीवर वेगळं संरक्षक सर्किट असतं. म्हणजे बॅटरी तिच्या मर्यादेच्या वर गेलीच नाही. ती मर्यादेवर उभी राहिली, सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि तीही गरम जागेत.

वडिलांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या मते बॅटरी वापरलीच गेली नव्हती. सदैव लाइटवर चाललेला टॅब, म्हणजे बॅटरीला आराम. लिथियम-आयनच्या बाबतीत हा आराम नसतो. पूर्ण भरलेल्या अवस्थेत हल्लीच्या टॅबची पिशवी ४.३५ ते ४.४ व्होल्टवर असते. एवढ्या ताणावर तिच्यातला द्रव, म्हणजे कार्बोनेट जातीची सेंद्रिय द्रावकं, सकारात्मक पट्टीच्या पृष्ठभागावर हळूहळू विघटित होतात आणि कार्बन डायऑक्साइडसारखे वायू सुटतात. नकारात्मक बाजूच्या ग्राफाइटवर एक संरक्षक थर असतो. उष्णतेने तो थोडा थोडा बिघडतो, पुन्हा तयार होतो, आणि त्या खटपटीत इथिलीनसारखे वायू निघतात. सगळं अतिशय संथ चालतं. पण पाकीट हवाबंद असल्यामुळे निघालेला वायू परत जात नाही, साठतो. टॉर्चमध्ये येणाऱ्या गोल सेलच्या तोंडाशी दाब सोडण्याची सोय असते. चपट्या पिशवीला ती नसते, ती फुगते.

वेग ठरवणाऱ्या गोष्टी दोनच, किती भरलेली आणि किती गरम. रसायनांचा ढोबळ नियम आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. नुसत्या पडून राहिलेल्या बॅटरीचे नेहमी दिले जाणारे आकडे बघा: ४० टक्के भरून २५ अंशांत वर्षभर ठेवली तर क्षमता साधारण ४ टक्के घटते; १०० टक्के भरून ४० अंशांत ठेवली तर साधारण ३५ टक्के. एकदाही वापर न करता. या मुलीच्या टॅबचा दिवस या दुसऱ्या वाक्यात जात होता.

४१.८ अंश

नवी बॅटरी बसवल्यावर मी टॅब त्यांच्याच पडवीत नेऊन पाहायचं ठरवलं, कारण माझ्या दुकानातल्या पंख्याखालचं तापमान त्यांच्या कामाचं नाही. दुपार टळत होती, पडवीत ३४ अंश. नेहमीसारखा मांडला: कव्हर घातलेलं, पिन लावलेली, ब्राइटनेस पूर्ण, सिमकार्डवर क्लास चालू. दीड तासाने चार्जरची केबल काढून टॅब लगेच लॅपटॉपला जोडला आणि adb या अँड्रॉइडच्या साधनाने बॅटरीची स्थिती वाचली. बॅटरीचं तापमान मिनिटभरात फारसं हलत नाही, त्यामुळे आकडा भरवशाचा मिळतो.

```
$ adb shell dumpsys battery
  status: 5
  health: 2
  level: 100
  voltage: 4371
  temperature: 418
```

यातलं तापमान दशांश अंशांत असतं, म्हणजे ४१.८ अंश सेल्सिअस. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे ४.३७ व्होल्ट. `status: 5` म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. आणि `health: 2` याचा अर्थ 'चांगली'. या शेवटच्या ओळीवर विसंबू नये. अँड्रॉइडला फुगवटा कळत नाही, तसला सेन्सरच आत नसतो. तापमान मर्यादेबाहेर गेलं किंवा बॅटरी मेलीच, तर ही ओळ बदलते. पाठ फुगलेल्या टॅबवरही मी 'चांगली' वाचलेलं आहे. लॅपटॉप नसेल तर बॅटरीची माहिती दाखवणारी साधी ॲप्स हेच तापमान दाखवतात.

ही उष्णता येते कुठून? टॅब जितकी वीज खातो, जवळपास तितक्याची शेवटी उष्णता होते. क्लासच्या वेळी हा टॅब साडेसहा वॉटच्या आसपास खात होता: मोठा वाटा पडद्याच्या दिव्यांचा, मग व्हिडिओ उलगडणारा प्रोसेसर आणि मोडेम. कमजोर रेंजमध्ये मोडेमला टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो. आपल्याकडे दोन डोंगरांच्या बेचक्यात एक दांडी दिसते, तिथे सिमकार्डचा फोन नुसत्या कॉलने गरम होतो, तेच हे. त्यात चार्जिंग चिपची स्वतःची उष्णता. आणि मागे रेक्झिनचं कव्हर, जे ही सगळी उष्णता धरून ठेवतं. पश्चिमेच्या खिडकीतून चारनंतर ऊन थेट टेबलावर येतं, ते वेगळंच.

खाऱ्या हवेचाही थोडा हात होता. चार्जिंगच्या तोंडातल्या पितळी पट्ट्या काळ्या-हिरवट पडल्या होत्या. असा गंज आला की सांध्याचा रोध वाढतो आणि पिन जिथे घुसते तिथेच ताप होतो. केबलचं टोक हाताला गरम लागत असेल तर हेच समजावं. अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ते साफ झालं. बॅटरी यामुळे फुगली असं मात्र मी म्हणणार नाही.

मग एकेक गोष्ट बदलत गेलो. कव्हर काढून टॅब लाकडी स्टँडवर तिरका उभा केला, तापमान अडीच-तीन अंशांनी उतरलं. ब्राइटनेस अर्ध्यावर आणला. टॅबमधलं सिमकार्ड काढून वडिलांच्या जुन्या फोनमध्ये घातलं, तो फोन पडवीच्या खिडकीत सावलीला ठेवला आणि त्याचा हॉटस्पॉट टॅबला दिला. आता रेंजसाठी टॅबला पडवीत बसायची गरज उरली नाही. टेबल माजघरात गेलं, जिथे कौलांखाली दुपारीही पडवीपेक्षा तीन अंश कमी असतात. शेवटी पिन काढली. तासाभराने वाचलं तर ३५.४.

एका गोष्टीला मी ठामपणे नको म्हटलं. मुलीच्या आजीने ओला फडका मागे लावायचा उपाय सुचवला, आणि फ्रिजमध्ये पाच मिनिटं ठेवायची सूचना तर दर उन्हाळ्यात कुणीतरी करतंच. आपल्या दमट हवेत गार वस्तू बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं. टॅबच्या आतही धरतं. टेबलफॅन पुरे.

पिन काढून दिवस कसा निघेल

खरी अडचण इथे होती. पिन काढा म्हणणं सोपं, क्लास मधेच बंद पडला तर बोलणी मला खावी लागली असती. म्हणून मुलीबरोबर बसून हिशेब मांडला. ७००० एमएएच आणि सरासरी ३.८५ व्होल्ट, म्हणजे बॅटरीत सुमारे २७ वॉट-तास वीज मावते. जुन्या पद्धतीने, साडेसहा वॉट खात, टॅब तासाला २४ टक्के उतरायचा. ८० टक्क्यांवरून सुरू केला तर सव्वातीन तासांत तळ गाठला असता. त्यामुळे पिन लावणं त्यांना भागच होतं. ब्राइटनेस अर्ध्यावर आणि सिमऐवजी वायफाय, एवढ्याने खप साडेचार वॉटपर्यंत आला आणि उतरण्याचा वेग तासाला १७ टक्के झाला. आता सकाळचा तीन तासांचा क्लास ५१ टक्क्यांत होतो. ८० वरून सुरू, अकराला २९.

अकरानंतर टॅब बंद पडद्याने चार्जिंगला. ५ व्होल्ट २ अँपिअरच्या चार्जरने, नासाडी धरून, ३० वरून ८० वर यायला पावणेदोन तास लागतात. त्या वेळात जेवण, आंघोळ, वहीतला अभ्यास. दुपारची रेकॉर्ड केलेली लेक्चरं तिने आधी डाउनलोड करून ठेवायची, म्हणजे मोडेमचं काम नाही, आणि ती एक तासापुरती. चारच्या क्लासला साठ-पासष्टवर बसली तरी सातला दहा-पंधरा टक्के उरतात. हे तिला धाकधुकीचं वाटलं. म्हणून साडेतीनला अर्धा तास पुन्हा पिन लावायची आणि चारला काढायची, असं ठरलं. रात्री झोपण्याआधी पुन्हा पावणेदोन तास. चार्जिंग होतं ते टॅब थंड असताना, क्लास चालतो तो पिन काढून. दोन उष्णता एकत्र येत नाहीत एवढंच साधायचं होतं.

८० वर थांबायचं कसं? काही कंपन्यांच्या टॅबमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये `Battery protection` किंवा `Protect battery` अशा नावाची सोय असते, ती चालू केली की टॅब ८० किंवा ८५ टक्क्यांवर स्वतःच थांबतो. ती सोय असेल तर हा सगळा वेळापत्रकाचा खटाटोप बराच हलका होतो. पिन लावून ठेवली तरी बॅटरी टोकाला जात नाही, फक्त उष्णता सांभाळायची राहते. या टॅबमध्ये ती नव्हती. बाजारात चावीचा टायमर असलेला प्लग मिळतो, पाण्याच्या पंपाला लावतात तसला. तो दोन तासांवर फिरवून ठेवला की विसरलं तरी पुरवठा तुटतो. ८० ऐवजी ८६ झाले म्हणून काही बिघडत नाही.

राहता राहिली लाइट जाण्याची भीती. त्यावर मी १०,००० एमएएचची पॉवरबँक सुचवली. तिच्यात ३७ वॉट-तास असतात आणि रूपांतरातली नासाडी वजा जाता टॅबला बावीस-पंचवीस मिळतात. कमी झालेल्या खपावर ते जवळजवळ पाच तास झाले. पॉवरबँकही भरून ठेवली की आत तीच क्रिया चालते, पण ती कपाटात, गारव्यात आणि कामाशिवाय पडलेली असते, चाळीस अंशांवर नाही. तीही फुगताना दिसली तर तिचा निकाल लावायचाच.

नवी बॅटरी, जुनी बॅटरी

नवी बॅटरी घेताना दोन पर्याय आले. स्वस्तातल्या एकीवर उत्पादनाची तारीख नव्हती आणि मीटरवर २.६ व्होल्ट दाखवत होती. लिथियमची बॅटरी याहूनही खाली जाऊन जवळजवळ पूर्ण रिकामी पडून राहिली की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि नंतर चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी 'नवी' असूनही महिनाभरात फुगलेली पाहिली आहे. मी घेतली ती ३.८ व्होल्टवर होती, तारीख सहा महिन्यांच्या आतली, आणि तिच्यावर आयएस १६०४६ हे मानक व त्याखाली `R-` ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला होता. भारतात विकायच्या लिथियम बॅटरीला ही नोंदणी सक्तीची आहे. किमतीत फरक होता, वडील थोडे कुरकुरले.

डिस्प्लेवरचा फिकट डाग बॅटरी काढल्यावर बराचसा गेला, पूर्ण गेला नाही. तो तसाच राहील. कड नव्या टेपने बसवली. बॅटरीच्या वर अर्ध्या मिलिमीटरची जागा मोकळी सुटली आहे याची खात्री करून मगच बंद केला, कारण चार्ज होताना निरोगी पिशवीही थोडी जाड होते आणि उतरताना पूर्ववत होते. अंगासरशी बसवली तर पुन्हा डाग.

जुन्या पिशव्यांचं काय करायचं, हा प्रश्न गिऱ्हाईक सहसा विचारत नाही. यांनी विचारला, कारण वडिलांचा बेत पिशवीला सुईने टोचून हवा काढायचा आणि टॉर्चला लावायचा होता. असे व्हिडिओ फिरतात. आतला वायू पेट घेणारा असतो, आणि टोचताना सुई दोन्ही पट्ट्यांतून एकदम जाते, म्हणजे शॉर्ट आणि ठिणगी दोन्ही तिथेच. शिवाय आतल्या द्रवातलं लिथियमचं क्षार हवेतल्या ओलाव्याशी मिळून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करतं, आणि ओलावा तर आपल्या हवेत बारा महिने. ते त्वचेला आणि फुफ्फुसाला घातक आहे. फुगलेली पिशवी चार्ज करून बघणं त्याहून वाईट: पट्ट्या वायूमुळे एकमेकींपासून सुटलेल्या असतात, प्रवाह सगळीकडे सारखा पसरत नाही आणि काही ठिकाणी लिथियमचा धातू साचत जातो.

घरात असा टॅब सापडला तर बंद करावा, पिन काढावी, गादी-उशी, आंब्याच्या पेट्या आणि पेंढा यांपासून लांब लादीवर किंवा जांभ्यावर ठेवावा. झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात बंद करू नये. धूर किंवा फुस्स असा आवाज आला तर हात न लावता माणसांना बाहेर काढावं आणि दारं-खिडक्या उघडाव्यात. परसातला पातेरा पेटवताना त्यात जुनी बॅटरी टाकणं ही कोकणातली खास जोखीम आहे, कारण कचऱ्याचा निकाल आपण तिथेच लावतो. आतला प्लॅस्टिकचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो. पातेऱ्याच्या आगीला तेवढं तापायला वेळ लागत नाही.

या टॅबच्या दोन्ही पिशव्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून मी त्या कोरड्या वाळूत ठेवल्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण देवगडात त्यासाठी काउंटर नाही. महिन्या-दोन महिन्यांनी माल आणायला कोल्हापूरला जाणं होतं, तेव्हा साठलेल्या बॅटऱ्या तिथल्या ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचतात. एसटीतून नेत नाही, स्वतःच्या गाडीतून नेतो, आणि एका खेपेला मूठभरच.